‘मुंबईत अभ्यास झालेला नाही’ ही रिसर्च गॅप नव्हे

तुझा विषय डिलिव्हरी रायडर नोकरी का सोडतात हा आहे ना? मग ‘मुंबईत असा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य आधी खोड. गाइड लगेच विचारतील, मुंबईत वेगळं काय घडतं? अंधेरीचा ट्रॅफिक सांगून भागणार नाही.

त्यापेक्षा सिद्धांत कुठे अडतो ते बघ. २००१ साली मिचेल आणि सहकाऱ्यांनी ‘जॉब एम्बेडेडनेस’ मांडलं: माणूस टिकतो तो जुळणी, नातीगोती आणि सोडल्यावर होणारं नुकसान, या तिन्हींमुळे. यात एकच मालक गृहीत आहे. तुझा रायडर मात्र एकाच वेळी दोन ॲपवर लॉगिन असतो. त्याने ‘सोडलं’ कधी म्हणायचं? ही खरी गॅप.

लिटरेचर रिव्ह्यूही त्याच दिशेने लिही. ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं’ अशी माळ नको. तो प्रकार वाचून परीक्षकही कंटाळतात. एक्सेलमध्ये प्रत्येक पेपरसमोर नमुना कोणाचा, ‘सोडणं’ कसं मोजलं, एवढे दोनच रकाने भर. बहुतेक ठिकाणी पगारी कर्मचारीच दिसले, तर गॅपचं वाक्य त्या रकान्यांतूनच निघेल: ‘सोडण्याचं मोजमाप एका मालकावर बेतलेलं आहे, अनेक ॲपवरच्या कामाला ते लागू पडतं का, हे तपासलेलं नाही.’ शेवटचे तीन शब्द लिहिण्याआधी गिग वर्कवरचे ताजे पेपर मात्र चाळ.