चुन्याची टक्केवारी कोरड्या मातीवर काढ

रस्त्याखालची माती पक्की करायला आपल्या नागपूरकडच्या काळ्या मातीत चुना टाकताना ४ टक्के म्हणजे कोरड्या मातीच्या वजनाच्या ४ टक्के. मातीतलं पाणी त्यात धरायचं नाही. आधी हे पक्कं कर.

समज, दाबून तयार झालेला थर २५ सेंमी हवा आणि दाबल्यावरची कोरडी घनता १६०० किलो प्रति घनमीटर आहे. एका चौरस मीटरखाली कोरडी माती ४०० किलो, म्हणून चुना १६ किलो. आता कोणी २० टक्के ओलाव्यासकट १९२० ही घनता धरली, तर चुना १९.२ किलो येतो, म्हणजे फुकटचा खर्च. जाडीही दाबल्यानंतरचीच घे. सैल मातीची जाडी आणि दाबलेली घनता यांचा गुणाकार कधीच करू नकोस.

मला जास्त काळजी खोलीची वाटते. चुना मातीत मिसळणाऱ्या मशीनचे दाते २५ ऐवजी ३० सेंमी खाली गेले, की तोच १६ किलो चुना ४८० किलो मातीत वाटला जातो आणि टक्केवारी ३.३ वर येते. कागदावर मात्र ४ च राहते!

म्हणून पसरताना एक चौरस मीटरचा ताडपत्रीचा तुकडा जमिनीवर अंथर आणि त्यावर पडलेला चुना तोल. मिसळल्यावर लगेच खड्डा खणून कडेवर फिनॉल्फ्थॅलिन फवार. चुना पोचला तिथवर गुलाबी रंग येतो, तेवढी खोली पट्टीने मोज. पण चुना पुरेसा आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही. तेवढ्यासाठी ताडपत्रीवरच्या चुन्याचं वजनच बघ.