नाशिकच्या सिटी बसचं वेळापत्रक एका साईटवर सापडलं, पण ते जुनं आहे का हे कसं ओळखायचं?

पानाच्या तळाशी असलेलं वर्ष बघू नका, मजकुरातली तारीख बघा, कारण तळाचं वर्ष बऱ्याच साईटवर कोडने आपोआप बदलतं, आत कोणी हात लावलेला नसला तरी. तुमच्या केसमध्ये तर सोपंय, सिटी बस जुलै २०२१ पासून महापालिकेच्या सिटीलिंककडे आहे, त्याआधी एसटी चालवायची, म्हणजे पानावर एसटीचीच सिटी बस असेल तर ते त्याआधीचं. मग मार्गांच्या दोन-तीन लिंक दाबून बघा, 404 म्हणजे पान सापडत नाही असं आलं किंवा भलतंच पान उघडलं तर साईटला वाली नाही. नुसत्या डिझाईनवर मात्र जाऊ नका, नवी थीम चढवून आत जुनेच दर ठेवणारे भरपूर आहेत, आणि सरकारी साईट दिसायला जुनाट असली तरी आतलं परिपत्रक ताजं असू शकतं.