झुलपांची सावली आणि भुवयांवर आलेले केस

प्रश्न : बहिणीच्या स्टुडिओतल्या फोटोवर फोटोशॉपमध्ये मी कपाळावर झुलपं काढली, पण ती विगसारखी दिसतात. कपाळावर मऊ सावली कशी आणायची आणि केस भुवयांवर सहज आल्यासारखे कसे दाखवायचे?

उत्तर :

केसांना हात घालण्याआधी कपाळ तयार करावे. इंदुरात फोटो रिटचिंगचे काम करताना मी हा क्रम सहसा मोडत नाही. स्टुडिओत मोकळ्या कपाळावर दिव्याची जी चकाकी पडते, ती झुलपांखाली पडूच शकत नाही, कारण तो प्रकाश केसांनी वरच्यावर अडवलेला असतो. ती तशीच राहिली, तर बटांच्या प्रत्येक फटीतून उजळ कातडी डोकावते आणि केस वरून चिकटवल्यासारखे वाटतात. म्हणून मूळ फोटोवर एक रिकामा लेअर घ्यावा आणि कानशिलाजवळच्या, चकाकी नसलेल्या त्वचेचा रंग उचलून मऊ ब्रशने ती चमक दाबावी. मात्र त्वचेची रंध्रे पुसली जातील इतका जोर लावू नये.

केस कपाळाच्या कडेपासून सुरू करू नयेत. खऱ्या कटिंगमध्ये झुलपांचे केस टाळूच्या पुढच्या भागातून, साधारण त्रिकोणी पट्ट्यातून पुढे घेतलेले असतात. त्यामुळे बटा भांगाच्या थोड्या मागून निघाव्यात, पुढे येताना किंचित फुगाव्यात आणि मग खाली उतराव्यात. त्या फुगवट्यावर चमकेचा एक तुटक आडवा पट्टा येतो. आधी गडद रंगाने मोठ्या बटा आणि नंतर पेनच्या दाबाने बारीक होत जाणारे सुटे केस काढावेत; दोन्ही रंग तिच्याच केसांतून उचलावेत.

आता सावली. दोन्ही कानशिलांमधले अंतर फोटोत सुमारे १२०० पिक्सेल आहे आणि बुबुळातली दिव्याची ठिणगी वर डावीकडे दिसते, असे धरू. म्हणजे सावली खाली आणि उजवीकडे सरकायला हवी. केसांच्या लेअरची प्रत काढून ती केसांच्या खाली ठेवावी, तिच्यातल्या फक्त केसांच्या आकारात एकच सपाट रंग भरावा आणि तिचा मोड `Multiply` करावा. हा रंग काळा कधीच नसावा. नाकाखालच्या किंवा हनुवटीखालच्या सावलीतला तांबूस तपकिरी रंग उचलावा, कारण काळ्याने गव्हाळ त्वचा राखाडी आणि आजारी दिसते. या लेअरच्या आणखी एका प्रतीची गरज असते, आणि नेमके हेच बहुतेक जण टाळतात. कपाळाच्या मध्यावर केस त्वचेपासून सुटलेले असतात, म्हणून तिथली सावली जास्त सरकलेली आणि पसरट असते. टोके भुवयांजवळ त्वचेला जवळजवळ टेकतात, म्हणून तिथली सावली अरुंद आणि थोडी ठळक असते. पहिल्या प्रतीला `Gaussian Blur` २० पिक्सेलच्या आसपास आणि `Opacity` ३० टक्के द्यावी, दुसरीला ब्लर ३ ते ४ पिक्सेल आणि `Opacity` ४५ टक्के. मग मास्क लावून पहिली कपाळाच्या मध्यावर आणि दुसरी टोकांजवळच राहू द्यावी. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. नाकाची सावली जितकी मऊ, तितकीच ही मऊ ठेवावी. राजवाड्यासमोर भर दुपारच्या उन्हात काढलेला फोटो असेल, तर मऊ सावली खोटीच वाटेल, तिथे कड धारदारच हवी.

भुवई खोडू नये. ती खालच्या लेअरवर अखंड राहू द्यावी आणि केसांची सावली तिच्यावरूनही जाऊ द्यावी, कारण सावलीत न आलेली भुवई केसांच्या वर तरंगते. भुवई दिसावी म्हणून पुष्कळ जण केसांच्या लेअरची `Opacity` कमी करतात आणि केसांचा धूर होतो. केस पूर्ण अपारदर्शकच ठेवावेत. भुवई दिसायची ती बटांमधल्या उलट्या व्हीच्या आकाराच्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या फटींतून. भुवईचे केस आखूड आणि कानशिलाकडे झुकलेले, तर झुलपांचे लांब आणि खाली येणारे, त्यामुळे ते एकमेकांना तिरके छेदतात. रंग सारखा असूनही डोळा त्यांना या दिशेवरून वेगळे ओळखतो. बहुतेक टोके भुवईच्या जाडीतच संपवावीत, मोजकी पापणीपर्यंत उतरू द्यावीत, आणि नाकाच्या वर फट थोडी रुंद ठेवावी. एका रेषेत संपलेली टोके म्हणजे साधना कट, आणि तो हवा असला तरी टोकांना थोडी कमीजास्त लांबी लागतेच.

बहिणीने टिकली लावली असेल, तर तिच्यावरून एक-दोन केस अवश्य न्यावेत; केसांवर बसलेली टिकली सगळी मेहनत उघडी पाडते.

शेवटी फोटो १०० टक्क्यांवर पाहून केसांच्या लेअरवर मूळ फोटोइतकाच बारीक `Noise` घालावा आणि संपूर्ण चित्र आडवे उलटवून पाहावे. सावली चुकीच्या बाजूला गेली असेल, तर ती अशा वेळी चटकन लक्षात येते. प्रिंट काढायचे असेल, तर दोन्ही सावल्या थोड्या फिकट कराव्यात, कारण पडद्यापेक्षा कागदावर त्या दाट उतरतात.