सोफ्यावरून वाचता येईल इतकं अक्षर

टीव्ही 43 इंची, सोफा भिंतीला टेकलेला, मधे तीन मीटर. गेममध्ये सापडलेल्या वस्तूची माहिती वाचायला मुलगा दर वेळी उठून टीव्हीपाशी जातो. 55 इंची घ्यावा का?
– टिळकवाडी, बेळगाव

पैसे काढण्याआधी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी काढा. त्याला वाचता येत नाही तोच मजकूर पडद्यावर उघडा आणि इंग्रजी मोठ्या अक्षराची उंची मोजा. माझा हिशेब सोपा आहे: अंतराला 200 ने भागायचं. तीन मीटरवरून आरामात वाचायला दीड सेंटिमीटरचं अक्षर हवं. त्याच्या निम्म्या उंचीचंही नजर चांगली असेल तर ओळखता येतं, पण अर्ध्या तासात डोळे आंबतात.

समजा, पट्टीवर 8 मिलिमीटर भरले. टीव्ही 55 इंची आणलात तर तेच अक्षर जेमतेम 10 मिलिमीटरचं होईल, कारण पडद्याची उंची सव्वापटीच्या थोडीच वर वाढते. म्हणजे एवढा खर्च करूनही मुलगा उठणारच. आता गेमच्या `Accessibility` मेनूत `Text Size` मोठं करा आणि पुन्हा मोजा. 11 भरले, तर सोफा सव्वादोन मीटरवर ओढा. काम झालं. आमच्या वडगावच्या घरात बैठकीची खोली पूर्वी मागाची होती, लांबट आणि अरुंद. तिथे मी सोफा भिंतीपासून सोडवला आणि मागे कपाट सरकवलं. टीव्ही जुनाच आहे.

एक मात्र तपासा. पुष्कळ गेममध्ये `Text Size` फक्त संवादांना लागू होतं, वस्तूंच्या माहितीचं अक्षर आहे तेवढंच राहतं. म्हणून मोजायचं ते मुलाला अडणाऱ्या पानावरच. तिथे काहीच हललं नाही आणि घरी पीएस5 असेल, तर `Accessibility` मधलं `Zoom` चालू करून ठेवा. मग PS बटण आणि चौकोन एकत्र दाबले की चित्र मोठं होतं. लढाईच्या मधे याचा उपयोग नाही, पण थांबून माहिती वाचायला पुरतं.

सबटायटल सर्वांत मोठं केलंय, तरी आईला वाचता येत नाही. बर्फाचं दृश्य आलं की अक्षरं गायबच होतात.
– निपाणी

इथे आकार पुरेसा आहे, अडचण मागच्या रंगाची आहे. पांढऱ्या बर्फावर पांढरं अक्षर कितीही वाढवलं तरी विरघळतंच. सबटायटलच्या सेटिंगमध्ये `Background` शोधा आणि काळी पट्टी बरीच गडद करा. चित्राचा थोडा भाग झाकला जाईल, तो झाकू द्या. बोलणाऱ्याचं नाव दाखवायची सोय असेल तर तीही लावा. कोण बोललं हे शोधण्यात जाणारा वेळ आईला वाचायला मिळेल.

आकाराचं माप हवं असेल, तर 1080 ओळींच्या चित्रात सबटायटलला निदान 46 पिक्सेल आणि एका वेळी दोनच ओळी, असं जाणकार धरतात. 43 इंची पडद्यावर त्यातलं मोठं अक्षर साधारण दीड सेंटिमीटरचं भरतं, म्हणजे वरच्याच हिशेबाला येऊन मिळतं. कन्सोलवरच्या बाकी मजकुरासाठी एक्सबॉक्सची मार्गदर्शक सूचना किमान 26 पिक्सेल सांगते. तीन मीटरवरून 43 इंचीवर ते मला अपुरंच वाटतं.

कॉम्प्युटर एचडीएमआयने 4के टीव्हीला जोडला. विंडोज 300 टक्क्यांवर ठेवलं, तरी जुन्या गेमचा मेनू मुंगीएवढाच. शिवाय लाल अक्षरं पसरट दिसतात.
– खानापूर

विंडोजचं `Scale` बहुतेक गेमच्या आत पोचत नाही. जुन्या गेमचा मेनू ठरावीक पिक्सेलमध्ये आखलेला असतो, म्हणून 4के पडद्यावर तो निम्म्या उंचीचा होतो. आधी गेममध्ये `UI Scale` आहे का ते पाहा. नसेल तर गेमचं रिझोल्यूशन 1920×1080 करा, मेनू दुप्पट होईल. चित्र थोडं मऊ दिसेल, पण वाचता येईल.

लाल अक्षराचं कारण निराळं आहे. टीव्ही रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने घेत असेल, तर रंगीत अक्षराच्या कडा फाटतात आणि पांढरी मात्र स्वच्छ दिसतात. टीव्हीच्या इनपुट यादीत त्या एचडीएमआयला `PC` असं नाव द्या. अनेक टीव्हींवर एवढ्याने फरक पडतो. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये 4:4:4 किंवा `RGB` निवडलेलं हवं. `Sharpness` उतरवा. अक्षराभोवतीची पांढरी कड तिच्यामुळेच येते.

कोपऱ्यातला नकाशा अर्धा कापला जातो.
– शहापूर, बेळगाव

टीव्ही चित्र किंचित ताणून कडा बाहेर टाकतोय. एलजीवर `Just Scan`, सॅमसंगवर `Fit to Screen`, सोनीवर `Full pixel` लावा. तरी कापलं गेलं तर पीएस5 वर `Adjust Display Area` मध्ये चौकट आत घ्या.