आपल्या कौशल्याबाहेरचं काम नाकारणारं पत्र कसं लिहावं?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्न शॉप आहे. जुन्या फाउंड्रीवाल्यांनी प्रेशर डाय-कास्टिंगच्या डायचं ड्रॉइंग पाठवलंय. संबंध न बिघडवता नाही कसं कळवू?

उत्तर: पहिल्या दोन ओळींतच नकार द्या आणि कारण फक्त कामाचं सांगा, वेळेचं किंवा दराचं नको. ‘सध्या लोड आहे’ म्हटलं की ते पुढच्या महिन्यात परत विचारतात, दर सांगितला की घासाघीस सुरू होते. मीही पूर्वी ‘बघतो’ म्हणून आठवडा घालवला होता. ग्राहक नकाराने नाही, त्या आठवड्याने दुखावला. मजकूर असा चालेल:

‘सप्रेम नमस्कार. ड्रॉइंग पाहिलं, आठवण ठेवलीत याबद्दल आभार. हे काम आम्ही घेऊ शकत नाही. आम्ही सँड कास्टिंगचे पॅटर्न आणि कोअर बॉक्स करतो. डायला लागणारं हॉट-डाय स्टीलचं मशिनिंग, हीट ट्रीटमेंट आणि कूलिंग लाइनचा अनुभव आमच्याकडे नाही. चूक झाली तर तुमचं उत्पादन अडेल. ड्रॉइंगच्या प्रती आम्ही ठेवलेल्या नाहीत. सँड कास्टिंगचं पुढचं काम जरूर पाठवा.’

दुसऱ्या टूलरूमचं नाव सुचवायचं तर आधी त्यांना विचारा. मात्र ॲडव्हान्स घेतला असेल किंवा पीओ स्वीकारली असेल, तर आधी समक्ष भेटा, पैसे परत करा, पत्र त्यानंतर द्या.