सरासरी 12 असली तर दोन काउंटर पुरतील का?

प्रश्न: लालबागला आमची छोटी पतपेढी आहे. तासाला सरासरी 12 माणसं येतात. पॉयसाँने हिशोब होतो असं ऐकलंय. दोन काउंटर पुरतील का?

एका माणसाला किती वेळ लागतो ते तुम्ही लिहिलं नाही. मी गिरगावात एका पतपेढीत कॅशला बसायचो, तेव्हा पैसे मोजून पासबुक भरून देईपर्यंत सहा मिनिटं जायची. तेच धरतो. म्हणजे एका काउंटरवरून तासाला 10 माणसं मोकळी होतात, दोन काउंटरवरून 20.

पॉयसाँच्या सूत्राने, तासाला λ सरासरी असताना नेमकी k माणसं येण्याची शक्यता अशी:

```
P(k) = e^(-λ) · λ^k / k!
```

आपल्याला मात्र 20 च्या वर कितीही आली तर काय, हे हवंय. एक्सेलमध्ये एवढंच टाका:

```
=1-POISSON.DIST(20,12,TRUE)
```

TRUE मुळे 0 ते 20 ची बेरीज मिळते, ती 1 मधून वजा केली. उत्तर 0.0116, म्हणजे 86 तासांत एखादा तास. रोज सहा तास काउंटर चालू असतील तर पंधरवड्यातून एकदा बोलणी खावी लागतील. एकच काउंटर ठेवलात, म्हणजे 20 च्या जागी 10, तर उत्तर 0.65. ते नकोच.

पण ही तुमची 12 आली कुठून? मी तेव्हा टोकनच्या वहीतून दहा दिवसांचे 11 ते 12 या तासाचे आकडे उतरवले होते: 7, 8, 9, 8, 10, 24, 22, 9, 11, 12. सरासरी बरोब्बर 12! पॉयसाँत व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, सरासरीएवढाच असायला हवा. एक्सेलच्या VAR.S ने काढला तर इथे 36 येतो, तिप्पट. थोडा फरक दहा आकड्यांत चालतो, एवढा नाही. दोन वेगळ्या गर्द्या एकत्र मोजल्या गेल्यात.

24 आणि 22 हे पगार झाल्यानंतरचे दिवस होते, सगळे हप्ता भरायला आलेले. ते बाजूला काढले की उरलेल्या दिवसांची सरासरी 9 च्या आसपास, आणि पगाराच्या दिवसांची 23. सूत्रात 12 ऐवजी 23 घाला: 20 च्या वर जाण्याची शक्यता जवळपास 70 टक्के. पंधरवड्यातून एकदा कसलं, त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत जायची.

आम्ही त्या दिवसांत 11 ते 12 लोनच्या क्लार्कला तिसऱ्या काउंटरवर बसवायचो (तो कुरकुरायचा). क्षमता 30 झाली की तीच शक्यता 6 टक्क्यांच्या आसपास येते. तुमची वही काढा, आधी तारखा वेगळ्या करा, मग λ ठरवा.