शिष्यवृत्तीच्या अर्जात गारपिटीचं वर्ष

प्रश्न: निफाडची आमची द्राक्षबाग गारपिटीत गेली. अर्जात रडगाणं न वाटता कसं लिहू?

उत्तर: ‘आभाळ कोसळलं’ काढा, ते कुणाच्याही अर्जात खपतं. घडलेलं लिहा, अर्थात तुमच्याच तपशिलांनी: ‘अकरावीत, फेब्रुवारीत गारांनी दीड एकर बाग झोडपली. महिनाभर संध्याकाळी सहा ते दहा मी पॅकहाऊसमध्ये पेट्या भरल्या. गणितात ८२ वरून ६४ वर आलो. सुट्टीत तीच प्रकरणं पुन्हा सोडवली, बारावीत ७९ मिळाले.’ घसरलेले गुण लपवू नका. गुणपत्रिकेत ते दिसतातच; ते का घसरले, हे तुमच्याकडूनच कळू द्या. नुकसानीचा आकडा पंचनाम्यातलाच घ्या. मुलाखतीत विचारलं आणि जुळलं नाही, तर खरं दुःखही खोटं वाटतं. एवढ्यावर तो परिच्छेद संपवा आणि पुढे काय शिकायचंय त्याकडे वळा.